पगार वाढला, हातात किती राहिला? आयकराचा स्लॅब आणि पुढच्या रुपयाचा हिशेब

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. खराडीला नोकरी करणारी माझी भाची रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरी आली ती अप्रेझलचं पत्र घेऊनच. वर्षाचा पगार १२,७५,००० होता, तो १३,२०,००० झाला होता. ४५,००० रुपयांची वाढ, पण चेहरा उतरलेला.

"मावशी, ही वाढ नको म्हणून कळवू का गं? ऑफिसात सगळे म्हणतात, बारा लाख ओलांडले की पंधरा टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जातो. सगळ्या पगारावर पंधरा टक्के म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर कर. आत्ता तर एक रुपयाही कापत नाहीत."

मी गेली वीस वर्षं लोकांची आयकर विवरणपत्रं भरते आहे, आणि हा प्रश्न अप्रेझलच्या दिवसांत दरवर्षी येतो. बहुतेकांना मी सांगते की स्लॅब तसा चालत नाही, निश्चिंत राहा. भाचीच्या बाबतीत मात्र तेवढं सांगून भागणार नव्हतं. तिचं कारण साफ चुकीचं होतं, पण तिची भीती अर्धी खरी होती. तिचा पगार नेमका अशा जागी उभा होता, जिथे पुढचा प्रत्येक रुपया करात जातो आणि वर चार पैसे खिशातले जातात. ही जागा कुठे सुरू होते, कुठे संपते आणि आपण तिथे आहोत का, हे कसं ओळखायचं ते क्रमानं सांगते. खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करपद्धतीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्यानं घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले. हिशेब करण्याची रीत मात्र तीच आहे.

आधी गैरसमज कुठून येतो ते पाहू

घरातलं महावितरणचं बिल काढा. त्यात १ ते १०० युनिट, १०१ ते ३०० युनिट असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा असतो. एखाद्या महिन्यात १३० युनिट जळली, तर सगळ्या १३० युनिटांना वरचा दर लागत नाही. पहिली १०० युनिटं खालच्याच दरानं धरतात आणि वरच्या ३० युनिटांनाच वाढीव दर लागतो. आयकराचा स्लॅब अगदी असाच आहे. वरच्या टप्प्यात गेलात म्हणून खालच्या टप्प्यांतले रुपये महाग होत नाहीत.

मग लोकांना उलटं का वाटतं? माझ्या मते याचं एक कारण आपल्याच पगाराच्या चिठ्ठीवर असतं, ते म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. त्यावर एक रुपया गेला की महिन्याला पूर्ण २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. २५,००० वरून पगार २५,१०० झाला, तर हातात खरोखरच शंभर रुपये कमी येतात. या करात टप्पा बदलला की सगळी रक्कम बदलते. असा कर दर महिन्याला डोळ्यांसमोर कापला जात असेल, तर आयकरही तसाच असणार असं वाटणं साहजिक आहे. दोन्ही ठिकाणी शब्द 'स्लॅब' हाच, पण रचना मुळातच वेगळी.

पहिली पायरी: करपात्र उत्पन्न काढा

स्लॅब पगाराला लागत नाही, करपात्र उत्पन्नाला लागतो. म्हणून आधी तो आकडा हवा. नोकरीच्या पत्रावरचा सीटीसी इथे कामाचा नाही, कारण त्यात कंपनीनं भरायचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद अशा गोष्टी मिळवलेल्या असतात. पगाराच्या चिठ्ठीवरची कपातीआधीची एकूण रक्कम घ्या आणि ती बारा महिन्यांची करा. त्यातून नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची स्टँडर्ड डिडक्शन वजा होते. ती प्रत्येक पगारदाराला मिळते, त्यासाठी पावती लागत नाही. मग त्यात पगाराबाहेरचं उत्पन्न मिळवा: बचत खात्याचं व्याज, मुदत ठेवीचं व्याज, घरभाडं येत असेल तर त्यातला करपात्र भाग. बचत खात्याच्या व्याजाला जुन्या पद्धतीत थोडी वजावट आहे. नव्या पद्धतीत नाही, सगळं व्याज उत्पन्नात धरलं जातं.

भाचीचा जुना पगार १२,७५,०००. त्यातून ७५,००० गेले की करपात्र उत्पन्न बरोबर १२,००,०००. नवा पगार १३,२०,०००, म्हणजे करपात्र १२,४५,०००. व्याजाचा विचार पुढे येईल.

दुसरी पायरी: उत्पन्नाचे तुकडे करा

नव्या पद्धतीचे टप्पे चार-चार लाखांचे आहेत, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे जातात:

- पहिले ४ लाख: कर नाही
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

भाचीचं उदाहरण जरा अडचणीचं आहे, म्हणून आधी सरळ उदाहरण घेऊ. समजा करपात्र उत्पन्न १७ लाख आहे. 'मी वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे' असं म्हणणारा माणूस मनातल्या मनात ३,४०,००० रुपये कर धरून बसतो. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या चार लाखांवर शून्य. दुसऱ्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. तिसऱ्या चार लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००. चौथ्या चार लाखांवर १५ टक्क्यांनी ६०,०००. इथवर १६ लाख संपले आणि कर झाला १,२०,०००. उरलेल्या एका लाखावर २० टक्के, म्हणजे २०,०००. एकूण १,४०,०००. त्यावर आरोग्य आणि शिक्षण उपकर ४ टक्के, म्हणजे ५,६००. सगळं मिळून १,४५,६०० रुपये, मनात धरलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी.

हा उपकर उत्पन्नावर नसून करावर लागतो, हे विसरू नका. त्यामुळे २० टक्क्यांचा दर प्रत्यक्षात २०.८ होतो, १५ चा १५.६ आणि ३० चा ३१.२. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर अधिभारही लागतो. या लेखात तिथवर जात नाही.

तिसरी पायरी: दोन दर वेगळे ठेवा

वरच्या उदाहरणातून दोन वेगळे दर निघतात. एकूण कर भागिले एकूण उत्पन्न केलं, तर १,४५,६०० भागिले १७ लाख, म्हणजे साधारण साडेआठ टक्के. हा सरासरी दर. तुम्ही वर्षभरात सरकारला एकूण किती दिलंत, ते तो सांगतो.

दुसरा दर म्हणजे सीमांत दर. आज जिथे उभे आहात तिथून उत्पन्न आणखी एक रुपयानं वाढलं, तर त्या वाढीव रुपयातला किती भाग करात जाईल, हे तो सांगतो. १७ लाखांवर उभ्या माणसासाठी तो २०.८ टक्के आहे. त्याचा आधीच्या सतरा लाखांशी काही संबंध नाही. त्यांचा हिशेब होऊन गेला आहे.

बोनस, ओव्हरटाइम, शनिवार-रविवारचं शिकवणीचं काम, मुदत ठेव, घरभाडं, असा कुठलाही 'अजून थोडं कमवू का' हा प्रश्न आला, की सीमांत दर वापरायचा. तिथे सरासरी दर काढून बघणं म्हणजे पुण्याहून मुंबईला जायचा खर्च काढताना आजवरच्या सगळ्या प्रवासांची सरासरी काढण्यासारखं आहे. १७ लाखवाल्याला एक लाखाचा बोनस मिळाला, तर त्यातले २०,८०० जातील आणि ७९,२०० हातात येतील. साडेआठ टक्क्यांनी हिशेब केला, तर तो ९१,५०० ची वाट बघत बसेल आणि बोनसच्या महिन्यात नाराज होईल.

मुदत ठेवीत हाच घोटाळा वेगळ्या रूपात दिसतो. वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस कापते, आणि लोक समजतात की व्याजावरचा कर भरून झाला. बँकेला तुमचा सीमांत दर माहीत नसतो. तुमचा दर २०.८ असेल, तर उरलेले १०.८ टक्के विवरणपत्र भरताना, किंवा रक्कम मोठी असेल तर आगाऊ कर म्हणून, तुम्हालाच भरावे लागतात. सात टक्क्यांची ठेव अशा माणसाला करानंतर साधारण साडेपाच टक्केच देते. ठेवीची तुलना इतर कशाशी करायची असेल, तर या साडेपाचाशी करा.

शेअर विकून झालेला नफा मात्र या टप्प्यांत बसत नाही. एक वर्षाच्या आत विकलेल्या सूचीबद्ध शेअरवर सरसकट २० टक्के, आणि त्याहून जास्त काळ ठेवलेल्यांवर वर्षाच्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के. त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

चौथी पायरी: बारा लाखांची कड तपासा

आता भाचीकडे येऊ. टप्प्यांप्रमाणे पाहिलं तर १२ लाखांवर कर होतो २०,००० अधिक ४०,०००, म्हणजे ६०,०००. पण २०२५ च्या अर्थसंकल्पानं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर हा ६०,००० चा कर पूर्ण माफ केला. याला रिबेट म्हणतात. १९६१ च्या कायद्यात ती कलम ८७ए मध्ये आहे. '१२ लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं ते यामुळे. पण करमुक्त टप्पा ४ लाखांचाच आहे. १२ लाखांची माफी ही त्यावर अटीसह ठेवलेली सवलत आहे. अट मोडली की सवलत जाते, आणि स्लॅबच्या गुळगुळीत चढणीत इथे एक कडा तयार होतो.

ही सवलत एका झटक्यात गेली असती, तर १२,००,००० वर शून्य कर आणि त्याच्या पुढच्याच रुपयावर ६०,००० कर झाला असता. तसं होऊ नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे. तिचा नियम असा: १२ लाखांच्या थोडं वर असाल, तर तुमचा कर १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होणार नाही.

भाचीचं नवं करपात्र उत्पन्न १२,४५,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६०,००० अधिक ४५,००० चे १५ टक्के, म्हणजे ६६,७५०. पण १२ लाखांच्या वरची रक्कम फक्त ४५,००० आहे, म्हणून कर ४५,००० वर थांबतो. फॉर्म १६ मध्ये किंवा विवरणपत्राच्या हिशेबात ही सवलत वेगळ्या नावानं दिसत नाही. ८७ए च्या ओळीत २१,७५० चा आकडा दिसतो. ६६,७५० वजा ४५,००० म्हणजे तेवढेच. ती ओळ रिकामी असेल आणि उत्पन्न या पट्ट्यात असेल, तर कंपनीच्या हिशेबात चूक आहे, लगेच विचारा.

आता या ४५,००० वर ४ टक्के उपकर लागतो, १,८०० रुपये. एकूण ४६,८००. वाढ ४५,००० ची आणि कर ४६,८०० चा. गेल्या वर्षीच्या पगाराच्या तुलनेत हातात १,८०० रुपये कमी.

भाचीनं स्वतः दोनदा गुणाकार करून पाहिला. ऑफिसातल्यांचं म्हणणं होतं पावणेदोन लाखांच्या वर. तेवढा कर कुठेच बसत नाही. पण वाढीतला एक रुपयाही हातात येत नाही, हेही खरं. या पट्ट्यात सीमांत दर १०४ टक्के आहे. १९७३-७४ मध्ये २ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्यावर १५ टक्के अधिभार मिळून ९७.७५ टक्के दर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात राहायचे. आपल्याकडच्या जबर कराचं उदाहरण म्हणून तो आकडा नेहमी सांगतात. आजच्या या अरुंद पट्ट्यातला दर त्याहूनही जास्त आहे, फरक इतकाच की तो थोड्याच रुपयांना लागतो.

किती थोड्या? टप्प्यांप्रमाणे होणारा कर आणि १२ लाखांच्या वरची रक्कम जिथे सारखी होते, तिथे सवलत संपते. ६०,००० अधिक वरच्या रकमेचे १५ टक्के बरोबर वरची रक्कम, असं मांडलं की उत्तर येतं साधारण ७०,५८८. म्हणजे करपात्र १२,७०,५८८, आणि पगारात सांगायचं तर साधारण १३,४५,६००. तिथून पुढे सीमांत दर पुन्हा साधा १५.६ टक्के होतो. पण तोवर उपकरामुळे २,८०० रुपयांच्या आसपास खड्डा पडलेला असतो. तो भरून निघायला आणखी ३,३०० रुपयांच्या वर पगार लागतो.

थोडक्यात, पगारावरच जगणाऱ्या माणसासाठी १२,७५,००० आणि साधारण १३,४९,००० हे दोन पगार हातात जवळजवळ सारखेच पैसे देतात. मधल्या कुठल्याही आकड्यावर हातात त्यापेक्षा किंचित कमीच येतं, पण ही घट २,८०० च्या आसपासच थांबते. पगार १४ लाख झाला, तर करपात्र १३,२५,००० वर उपकरासह ८१,९०० कर होतो. १२,७५,००० च्या तुलनेत सव्वा लाखाच्या वाढीतले ४३,१०० हातात येतात. म्हणजे पट्टा ओलांडला की वाढ पुन्हा वाढीसारखी वाटू लागते.

जुन्या करपद्धतीत असाच एक कडा ५ लाखांवर आहे, आणि तिथे सीमांत सवलतच नाही. ५ लाखांवर शून्य कर, आणि त्यावर दहा रुपये गेले की साठीच्या आतल्या माणसाला उपकरासह १३,००० च्या आसपास, साठ ते ऐंशी वयाच्या माणसाला १०,४०० च्या आसपास. जुनी पद्धत निवडणाऱ्यांनी, विशेषतः निवृत्त आईवडिलांच्या ठेवींचा हिशेब करणाऱ्यांनी, तो आकडा लक्षात ठेवावा.

पाचवी पायरी: पट्ट्यात असाल तर काय करायचं

वाढ नाकारू नका, हे मी भाचीला आधी सांगितलं. पुढच्या वर्षीची टक्केवारी नव्या पगारावर मोजली जाते, नोकरी बदलताना जुना पगार विचारला जातो. १,८०० रुपयांसाठी तो पाया सोडण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच होता की या वर्षीचे ४५,००० करात न जाता कुठे वळवता येतील.

नव्या पद्धतीत पगारदाराकडे वजावटी फारशा उरलेल्या नाहीत. विम्याचा हप्ता, पीपीएफ, मुलांची फी यातलं काहीच चालत नाही. एक दार उघडं आहे. कंपनीनं तुमच्या एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, खात्यात मालकाचा हिस्सा म्हणून रक्कम भरली, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत ती तुमच्या उत्पन्नातून वजा होते. तुम्ही स्वतः भरलेल्या रकमेला नव्या पद्धतीत ही वजावट नाही, भरणारी कंपनीच हवी. इथे बरेच जण फसतात. मार्चमध्ये स्वतःच्या खात्यातून एनपीएसमध्ये पैसे टाकतात आणि विवरणपत्र भरताना कळतं की उपयोग झाला नाही.

भाचीचा मूळ पगार वर्षाला ६ लाख होता. त्याचे १४ टक्के म्हणजे ८४,०००. तिला ४५,००० च वळवायचे होते, मर्यादेत सहज बसत होते. तिनं एचआरला विचारलं. कंपनीत ही सोय होती, पण निवड वर्षाच्या सुरुवातीलाच करावी लागायची. एप्रिल चालू होता म्हणून जमलं. पगाराची रचना बदलली, करपात्र उत्पन्न पुन्हा १२ लाखांवर आलं. हातातली रक्कम गेल्या वर्षीइतकीच राहिली आणि ४५,००० तिच्या निवृत्तीच्या खात्यात जायला लागले.

याची किंमतही तिला स्पष्ट सांगितली. एनपीएसमधले पैसे बरीच वर्षं बहुतांशी अडकतात. घराच्या डाउन पेमेंटसाठी किंवा लग्नासाठी साठवणाऱ्या माणसाला ही वाट अडचणीची ठरू शकते. एरवी १५ टक्के वाचवण्यासाठी मी कोणाला पैसे वर्षानुवर्षं अडकवायला सांगितले नसते. इथे दुसऱ्या बाजूला १०४ टक्के होते, म्हणून सांगितलं. सीमांत दर कळण्याचा उपयोग हाच आहे. तोच सल्ला एका पगारावर बरोबर आणि लाखभर पुढच्या पगारावर शंकास्पद ठरतो.

नोकरी बदलली असेल तर

हिंजवडी-खराडीत वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणारे खूप, आणि स्लॅबचा सगळ्यात मोठा फटका मी त्यांनाच बसताना पाहते. स्लॅब माणसाचा असतो, कंपनीचा नसतो. पूर्ण वर्षात चार लाखांचा करमुक्त टप्पा एकदाच मिळतो, स्टँडर्ड डिडक्शनही एकदाच. पण नव्या कंपनीला जुना पगार सांगितला नाही, तर ती तुमचं वर्ष जणू तिच्याकडेच सुरू झालं असं धरते.

समजा एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत ७ लाख मिळाले. तिनं वर्षाचे १४ लाख धरून ८१,९०० कर काढला आणि सहा महिन्यांत निम्मा, ४०,९५० कापला. ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत ८ लाख मिळाले. तिनं ७५,००० वजा करून ७,२५,००० धरले, ते १२ लाखांच्या आत म्हणून एक रुपयाही कापला नाही. सहा महिने हातात घसघशीत पगार आला. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना दोन्ही पगार एकत्र केले: १५ लाख, करपात्र १४,२५,०००, कर ९३,७५०, उपकरासह ९७,५००. कापलेले ४०,९५० वजा केले की ५६,५५० रुपये एकदम भरायचे, वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज.

नव्या नोकरीत पगार वाढला आणि टीडीएस मात्र शून्यावर आला, तर ती खूण समजा. रुजू होतानाच आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीच्या पगार विभागाला लेखी द्या. मग ती उरलेल्या महिन्यांत बरोबर कापते. पगार कमी आल्यासारखा वाटेल, पण तो खरा आकडा असेल.

भाचीच्या बाबतीत आमच्याकडून एक बारीक गोष्ट राहिली होती, ती विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा समोर आली. आयकर विभागाच्या पोर्टलवर एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रक असतं. त्यात तिच्या बचत खात्यावरचं ४,१०० रुपये व्याज दिसत होतं. पगार आम्ही बरोबर १२ लाखांवर आणून ठेवला होता, त्यामुळे हे व्याज थेट कड्याच्या पलीकडे पडलं. करपात्र १२,०४,१००, कर ४,१००, उपकर १६४. व्याज ४,१०० आणि त्यावर कर ४,२६४. एनपीएसमध्ये ४५,००० ऐवजी ५०,००० लिहिले असते, तर हे टळलं असतं, मर्यादाही शिल्लक होती. तिनं ४,२६४ रुपये स्वयंमूल्यांकन कर म्हणून ऑनलाइन भरले, चलनाचा क्रमांक विवरणपत्रात घातला, आणि पुढच्या वर्षीच्या एचआरच्या फॉर्मसाठी व्याजाचा अंदाज एका कागदावर लिहून ठेवला.